पैसे नेमके कशासाठी आले?

एखादी लाइव्ह स्ट्रीम संपते, पण तिची नोंद मागे राहते. तीन तासांचा व्हिडिओ असतो आणि त्याला जोडलेली चॅट असते, अमुक क्षणी कोण काय म्हणालं याची सेकंदासकट. त्या चॅटमध्येच काही संदेश रंगीत चौकटीत दिसतात. ते प्रेक्षकांनी पैसे मोजून पाठवलेले असतात. ट्विचवर २०१६ पासून बिट्स आहेत, यूट्यूबवर २०१७ पासून सुपर चॅट आहे. आलेख काढला की हे संदेश सगळीकडे सारखे पसरलेले दिसत नाहीत. मधूनच एखादा उंच सुळका उभा राहतो. तो पाहिला की कुणालाही वाटतं, चला, त्या मिनिटाला काय चाललं होतं ते बघू या, म्हणजे लोक कशाला पैसे देतात ते कळेल.

मला हा प्रश्न फार आवडतो. आणि या पद्धतीने त्याचं उत्तर मिळत नाही, हे आधी सांगायला हवं.

नोंद मिळवणं अवघड नाही. यूट्यूबच्या संपलेल्या स्ट्रीमची चॅट yt-dlp या प्रोग्रामने अशी उतरवता येते:

```
yt-dlp --skip-download --write-subs --sub-langs live_chat URL
```

फाइलमध्ये `liveChatPaidMessageRenderer` या नावाखाली पैशांचे संदेश सापडतात. प्रत्येकाबरोबर `videoOffsetTimeMsec` असतो, म्हणजे तो संदेश व्हिडिओच्या कितव्या मिलिसेकंदाला आला ते. रक्कम `purchaseAmountText` मध्ये असते, पण ती ज्याच्या त्याच्या चलनात. पाठवणाऱ्यांची नावं कामाची नसतात, ती पहिल्याच पायरीला काढून जागी सांकेतिक क्रमांक घालावेत.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ आणि त्याला शेवटपर्यंत सोडायचं नाही. समजा, गेम खेळण्याची १८० मिनिटांची स्ट्रीम आहे. तिच्यात ९० सशुल्क संदेश आले, म्हणजे सरासरी दोन मिनिटांना एक. बहात्तराव्या मिनिटाला खेळाडू एका मोठ्या शत्रूला हरवतो आणि पुढच्या दोन मिनिटांत ९ संदेश येतात. अपेक्षा एकाची, आले नऊ. विजयामुळे पैसे आले, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं.

रकमा जमवून आलेख काढला, तर चित्र आणखी फसवं होतं. देणाऱ्यांतले बरेच जण थोडे देतात आणि एखादाच खूप मोठी रक्कम देतो. त्या एका माणसाच्या लहरीने सगळा सुळका उभा राहू शकतो. म्हणून मी रक्कम बाजूला ठेवते आणि त्या वेळात किती वेगवेगळ्या माणसांनी पैसे दिले तेवढंच मोजते.

पुढची अडचण वेळेची. खेळाडूच्या पडद्यावर घडलेली गोष्ट प्रेक्षकापर्यंत काही सेकंद उशिरा पोचते. मग तो दचकतो, ठरवतो, रक्कम निवडतो, मजकूर लिहितो, पैसे भरतो. ही दिरंगाई मोजायची सोय त्याच फाइलमध्ये असते, ती म्हणजे फुकटची चॅट. शत्रू पडल्यावर जल्लोषाच्या संदेशांचा लोंढा समजा आठव्या सेकंदाला आला. म्हणजे चित्र पोचून बोटं हलायला साधारण आठ सेकंद लागले. पहिला सशुल्क संदेश एकतिसाव्या सेकंदाला आला असेल, तर उरलेले तेवीस सेकंद पैसे देण्याच्या खटाटोपाचे धरता येतात. तेव्हा विजयानंतर दोन-तीन सेकंदांत आलेला संदेश विजयासाठी नसतोच. तो आधीच लिहिला जात होता.

आता ते नऊ संदेश नीट पाहू. विजयानंतर पंचावन्नाव्या सेकंदाला खेळाडूने पहिला संदेश नाव घेऊन मोठ्याने वाचला आणि आभार मानले. नवांपैकी सहा संदेश त्यानंतर आले. आपलंही नाव घेतलं जाईल, हे दिसल्यावर इतरांचे हात पुढे आले असतील. एका घटनेमुळे तशाच पुढच्या घटनेची शक्यता वाढते, अशा साखळ्यांचं गणित संख्याशास्त्रज्ञ ॲलन हॉक्स यांनी १९७१ मध्ये मांडलं. भूकंपानंतरच्या धक्क्यांसाठी ते वापरतात आणि इथेही ते चपखल बसतं. या सहांचं श्रेय सरळ विजयाला देता येत नाही.

उरले तीन. दोन मिनिटांना एक या वेगाने संदेश योगायोगाने येत असते, तर ५५ सेकंदांत तीन किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण १.१ टक्के निघते. हे कमी वाटतं. पण १८० मिनिटांत असे ५५ सेकंदांचे जवळजवळ १९६ तुकडे पडतात. म्हणजे काहीही विशेष न घडता अशी गर्दी स्ट्रीममध्ये कुठे ना कुठे सरासरी दोनेक वेळा होते! सुळका पाहून मागाहून कारण शोधणाऱ्याला दर वेळी काहीतरी सापडतं, कारण व्हिडिओत प्रत्येक मिनिटाला काहीतरी घडतच असतं.

उपाय कष्टाचा आहे, पण पक्का आहे. घटनांची यादी आलेख न पाहता करायची. एकाने फक्त व्हिडिओ पाहून विजय, हार, गप्पा, विश्रांती यांच्या वेळा टिपायच्या, आणि पैशांची फाइल दुसऱ्याकडे बंद ठेवायची. मग एका नव्हे, अनेक स्ट्रीममधले सगळे विजय एकाच शून्य सेकंदावर आणून एकावर एक रचायचे आणि सरासरी काढायची. मेंदूतल्या पेशी कुठल्या उद्दीपनाला प्रतिसाद देतात, हे शोधणारे अगदी असंच करतात. शेवटी घटनांच्या वेळा सगळ्या मिळून पुढे सरकवायच्या, टोकाला गेलेल्या पुन्हा सुरुवातीला आणायच्या, आणि असं हजार वेळा करून बघायचं. सरकवलेल्या खोट्या वेळांनाही तेवढीच सरासरी वारंवार मिळाली, तर खऱ्या वेळांत काही दम नाही. या युक्तीने संदेशांची आपसातली साखळी तुटत नाही, म्हणून ती मला साध्या टक्केवारीपेक्षा भरवशाची वाटते.

आपल्या उदाहरणात समजा आठ स्ट्रीममधले १४ विजय असे रचले. विजयानंतरच्या पहिल्या मिनिटात सरासरी १.९ माणसांनी पैसे दिले. एरवी मिनिटाला ०.५ येतात. हरल्यानंतर ०.६. सरकवलेल्या खोट्या वेळांना १.९ एवढी सरासरी क्वचितच मिळाली. आता तरी विजयच ना?

माझा हात इथेही थांबतो. जिंकल्यावर खेळ थांबतो, खेळाडू पाठ टेकतो आणि चॅटकडे वळतो. हरल्यावर तो लगेच पुन्हा सुरू करतो. प्रेक्षकाच्या बाजूने पाहिलं, तर लढाई चालू असताना नजर पडद्यावरून काढून रक्कम निवडत बसणं त्याला नको असतं. कदाचित देण्याची इच्छा कधीचीच होती आणि फक्त उसंत आत्ता मिळाली. हे तपासायला विजय नसलेले विराम हवेत. खेळाडू पाणी प्यायला थांबला किंवा नवा टप्पा उघडायला वेळ लागला, असे क्षण त्या आलेख न पाहता केलेल्या यादीत आधीपासून असतात. तेही तसेच शून्यावर रचायचे. विरामानंतर ०.५ च आले, तर विजयाचा दावा बळकट होतो. पण १.४ आले, तर एरवीपेक्षा जास्त आलेल्या १.४ माणसांपैकी ०.९ विरामाच्या खात्यात जातात आणि विजयाला उरतात फक्त ०.५.