मेंदूच्या शिरांतील रक्तगुठळी

मेंदूतले वापरलेले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होऊन रक्ताचा निचरा अडला, की हा विकार होतो. शिरा ज्या रुंद वाहिन्यांत रिकाम्या होतात त्यांना सायनस म्हणतात. सर्दीतल्या सायनसशी त्यांचा संबंध नाही. एकूण पक्षाघातांत याचे प्रमाण जेमतेम ०.५ ते १ टक्का, पण रुग्ण बहुधा पन्नाशीच्या आतले आणि त्यांत स्त्रिया जास्त.

नेहमीच्या पक्षाघातात हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते. इथे दहापैकी नऊ जणांचे डोके दुखते आणि कित्येकदा काही दिवस दुसरे काहीच नसते. तुंबलेल्या रक्तामुळे कवटीतला दाब वाढतो, म्हणून आडवे झाल्यावर, खोकताना किंवा पहाटे दुखणे वाढते.

बाळंतिणीत फसगत होते ती इथेच. समजा, पाठीत भूल देऊन सिझेरियन झालेल्या बाईचे तिसऱ्या दिवशी डोके दुखू लागले. बसल्यावर दुखते, पडल्यावर थांबते. हे सुईच्या छिद्रातून मेंदू-मणक्याभोवतीचे पाणी झिरपल्याचे लक्षण. आठव्या दिवशी मात्र पडूनही दुखू लागते, नजर अंधुक होते, मग उजवा हात झटके देऊ लागतो. दुखण्याने चाल बदलली, हीच खूण. साधा सीटी स्कॅन अनेकदा निर्दोष येतो, त्यामुळे तेवढ्यावर थांबता येत नाही. शिरांचे चित्र दाखवणारी एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी करावी लागते. गुठळीचा अंदाज देणारी डी-डायमर ही रक्तचाचणी बाळंतपणानंतर एरवीही वाढलेली असते, तिचा इथे फारसा उपयोग नाही.

प्रसूतीत रक्तस्राव आवरावा म्हणून गरोदरपणीच रक्ताची गोठण्याची क्षमता वाढते आणि ती प्रसूतीनंतर लगेच उतरत नाही. म्हणून गरोदरपणापेक्षा नंतरचे सहा आठवडे अधिक धोक्याचे. त्यात उलट्या, जुलाब किंवा पाणी कमी पिण्याने रक्त दाट झाले, की गुठळीला निमित्त मिळते. पण निर्जलीकरण बहुधा एकटे नसते. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष, कान-नाकाचा संसर्ग यांचाही शोध घेतात.

उपचार ऐकून नातेवाईक दचकतात: स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसत असतानाही रक्त पातळ करणारे हेपारिन देतात. हा स्राव मागे तुंबलेल्या दाबाने झालेला असतो. निचरा मोकळा झाल्याशिवाय तो दाब उतरत नाही. पुढे ३ ते १२ महिने वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालतात. गरोदरपणी मात्र वॉरफरिन टाळून हेपारिनचीच इंजेक्शने देतात, कारण वॉरफरिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. अंगावर पाजणाऱ्या आईला दोन्ही चालतात.

वेळेत ओळखल्यास बहुतेक रुग्ण स्वावलंबी होतात. पुढचे गरोदरपण वर्ज्य नसते, पण त्या काळात आणि नंतरचे सहा आठवडे हेपारिन सहसा पुन्हा सुरू करतात. इस्ट्रोजेनच्या गोळ्या मात्र कायमच्या बंद.