धबधब्याचं पाणी रेशमी होतं कसं: फोन, स्टँड आणि अर्धा सेकंद

पाऊस सुरू झाला की फॅमिली ग्रुपवर तो फोटो येतोच. कुठलातरी धबधबा, पाणी अगदी मऊ, दुधाच्या धारेसारखं, आणि खाली लिहिलेलं की श्रावणात इथलं पाणी आपोआप दूध होतं, देवीची कृपा, दहा जणांना पाठवा. मग एखादा हुशार भाचा लिहितो, "काका, फोटोशॉप आहे ते." दोघंही चूक. पाणी पांढरं दिसतं कारण पडताना त्यात हवा घुसून फेस होतो आणि फेसातले बुडबुडे सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात. आणि मऊ दिसतं कारण कॅमेरा ते एका झटक्यात न बघता अर्धा-एक सेकंद बघत बसलेला असतो. कृपा वगैरे काही नाही, शटर उशिरा बंद झालं एवढंच.

हे आता फोनवर होतं, पण फोन ते जसं करतो ती पद्धत मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा फार वेगळी आहे आणि मला विचाराल तर जास्त मजेशीर.

आधी अडचण काय ते बघू. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सचं भोक लहान करता येतं, म्हणजे प्रकाश कमी येतो आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. बहुतेक फोनमध्ये ते भोक फिक्स असतं, मेन कॅमेऱ्याला साधारण f/1.8, म्हणजे कायम सताड उघडं. आयएसओ, म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, कमीत कमी 50 पर्यंत खाली आणला तरी कडक उन्हात बरोबर एक्सपोजर येतं 1/4000 सेकंदाला. दाट ढग असतील तर प्रकाश साधारण आठपट कमी, म्हणजे 1/500. झाडीखालच्या ओढ्यात अजून आठपट कमी, म्हणजे 1/60. आणि आपल्याला हवाय 1/2 सेकंद! प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे शटर आपल्या हाताने ठरवता येतं तिथे, जाऊन ते अर्ध्या सेकंदावर ठेवलं की फोटो पांढराफटक येतो तो याच कारणाने, फोन बिघडलेला नसतो.

आता ताम्हिणी घाटातला रस्त्याकडेचा एखादा धबधबा घ्या, उंची समजा 5 मीटर, वर दाट ढग. हवेचा अडथळा सोडून दिला तर खाली पोचेपर्यंत पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास 10 मीटर होतो. 1/500 सेकंदात ते पाणी सरकतं फक्त 2 सेंटिमीटर, म्हणून साध्या फोटोत थेंब थेंब गोठलेले दिसतात, काचेचे तुकडे उधळल्यासारखे. रेशीम हवं तर शटर तेवढं उघडं ठेवायला प्रकाश 250 पट कमी करावा लागेल. त्यासाठी लेन्सपुढे लावायची काळी काच मिळते, एनडी फिल्टर, फोनला क्लिपने बसते. पण बऱ्याच जणांकडे ती नसते.

तर फोन काय करतो, तो एक लांब फोटो काढतच नाही. तो भराभर छोटे छोटे फोटो काढतो आणि त्यांची सरासरी करतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची सगळ्या फोटोंतली किंमत घ्यायची, बेरीज करायची, भागायचं. खडक प्रत्येक फोटोत तोच, त्यामुळे सरासरीतही तोच. पाणी प्रत्येक फोटोत वेगळं, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून जातं. आयफोनवर Live चालू ठेवून काढलेल्या फोटोला नंतर Long Exposure इफेक्ट देता येतो, तो याच प्रकारचा. बटन दाबायच्या दीड सेकंद आधीचं आणि दीड सेकंद नंतरचं रेकॉर्डिंग त्यात असतं. पिक्सेल 6 पासूनच्या पिक्सेल फोनमध्ये Long Exposure वेगळा मोड म्हणूनच आहे, बाकी अँड्रॉइडवर या कामाची अ‍ॅप्स मिळतात.

आता माझा आवडता भाग, जरा आकडे येतील, सांभाळून घ्या. समजा फोन सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे ते छोटे फोटो, घेतोय आणि प्रत्येक फ्रेम 1/500 सेकंदाची. म्हणजे एका सेकंदातला जेमतेम 6 टक्के वेळ तो खरंच बघतोय, बाकी वेळ डोळे मिटलेले. एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत पाणी 33 सेंटिमीटर खाली गेलं, त्यातली 2 सेंटिमीटरची रेघ नोंदली गेली, मधलं सगळं हुकलं. ही अखंड रेघ नाही, रांगोळीचे ठिपके आहेत. थोडे ठिपके टाकले तर ठिपकेच दिसतात, पुष्कळ टाकले की भरीव पट्टा दिसायला लागतो. हिशोब असा की एकमेकांशी संबंध नसलेल्या फ्रेमची सरासरी केली की खडबडीतपणा फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. 9 फ्रेम घेतल्या तर तिप्पट मऊ, 90 घेतल्या तर साडेनऊ पट. म्हणजे तीन सेकंद थांबलात तर फरक दिसतो, आणि सहा सेकंद थांबून दुप्पट मऊ होईल असं वाटत असेल तर नाही होणार, फक्त 1.4 पट होईल.

मग एक प्रश्न उरतो की सरासरीत सगळं नुसतं धुकं का होत नाही, रेशमाचे धागे का दिसतात? कारण पाणी कुठूनही पडत नाही. वरच्या कातळाला जिथे खाच आहे तिथूनच जास्त पाणी येतं, जिथे दगड पुढे आलाय तिथे ते दुभागतं, आणि हे तीन सेकंदांत बदलत नाही. थेंब रोज नवा पण वाट ठरलेली. म्हणजे रेशमी फोटो हा खरं तर पाणी कुठे किती वेळ असतं त्याचा नकाशा आहे, आणि गोठलेल्या फोटोपेक्षा त्यात कातळाची ठेवण जास्त चांगली कळते असं माझं मत आहे.

या पद्धतीत दोन गोष्टी सरासरीने सुधारत नाहीत. एक म्हणजे करपलेला पांढरा भाग. प्रत्येक फ्रेममध्ये फेस पूर्ण पांढरा झाला असेल तर सरासरीही पूर्ण पांढरीच येणार, नंतर एडिटमध्ये ओढून काही निघत नाही. म्हणून स्क्रीनवर पाण्याला बोट लावून ब्राइटनेस खाली ओढायचा, खडक जरा काळे दिसले तरी चालतील. दुसरी म्हणजे वाऱ्याने हलणारी पानं, ती पण पाण्यासारखीच मिसळतात आणि हिरवा धूर दिसतो. अशा वेळी पानं येणार नाहीत असा कोन धरा, दुसरा इलाज नाही.

आता आधार. फोन फ्रेम जुळवताना खडकावर नजर ठेवून थोडी थरथर सुधारून घेतो, म्हणून हातात धरूनही कधीकधी जमून जातं. पण फोटोत सगळं पाणीच असेल तर जुळवायला त्याला स्थिर असं काही सापडत नाही, तेव्हा निदान एक तृतीयांश भाग खडकाचा ठेवा. छोटा ट्रायपॉड नसेल तर कापडी पिशवीत पाव किलो तांदूळ घालून ती दगडावर ठेवा आणि फोन त्यात रुतवा, मस्त बसतो. घाटातल्या लोखंडी कठड्यावर मात्र ठेवू नका, ट्रक गेला की तो कठडा थरथरतो. बटन बोटाने दाबू नका, तीन सेकंदांचा टायमर लावा. एनडी फिल्टर लावून खरंच अर्धा सेकंद शटर उघडं ठेवणार असाल तर हे सगळं दुप्पट कडक पाळायचं, कारण तिथे जुळवाजुळव नाही, एकदा हललं की गेलं.

फिल्टर नसेल आणि प्रो मोडच वापरायचा असेल तर पोलराइज्ड गॉगल लेन्सपुढे धरून बघा. नेहमीच्या गडद गॉगलमधून साधारण 8 ते 18 टक्के प्रकाश जातो, म्हणजे झाडीखालचं 1/60 थेट 1/8 च्या आसपास येतं, आणि 1/8 सेकंदात ते पाणी सव्वा मीटर सरकतं, छान रेघा पडतात. शिवाय काच गोल फिरवली की एका कोनात ओल्या दगडावरची चमक जाते आणि शेवाळाचा रंग वर येतो. काचेचा तपकिरी-हिरवा रंग मात्र फोटोत उतरतो, व्हाइट बॅलन्स नंतर दुरुस्त करावा लागतो.

फोटो काढल्यावर तिथेच झूम करून बघा. खडकाची कड दुहेरी दिसली तर फोन हललाय. खडक स्वच्छ पण पाणी ठिपक्याठिपक्याचं असेल तर फ्रेम कमी पडल्यात, जास्त वेळाचा पर्याय निवडा. सगळंच धुरकट असेल तर आधी लेन्स पुसा, दहातल्या आठ वेळा तुषारच बसलेले असतात. आणि ठोसेघरसारखा लांबून, समोरच्या गॅलरीतून दिसणारा धबधबा असेल तर पाणी स्क्रीनवर फारच हळू सरकतं, तिथे अर्ध्या सेकंदाने काही होत नाही, दोन-तीन सेकंद द्यावेच लागतात.