महाविद्यालयाची जाडजूड माहितीपुस्तिका एका पानावर: आम्ही काय लिहितो आणि का

मुलीच्या किंवा मुलाच्या प्रवेशासाठी तीन-चार महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका पुढ्यात घेऊन बसलेल्या पालकांना आम्ही प्रत्येक पुस्तिकेचे एक पान करून देतो. त्यावर शुल्क, पात्रता, तारखा आणि संपर्क एवढेच असते. इमारतीचे फोटो, प्राचार्यांचे मनोगत आणि नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी आम्ही घेत नाही. हे पत्रक वाचून तुम्ही असे पान स्वतः करू शकाल. आमच्याकडून करून घेतलेत, तर त्यातला आकडा कुठून आला हे तपासू शकाल.

आधी पुस्तिका कोणत्या वर्षाची आहे ते पाहा

सुरुवातीच्या काळात आम्ही एका पालकांना मागच्या वर्षीच्या पुस्तिकेवरून पान करून दिले होते. मुखपृष्ठ तेच होते, अभ्यासक्रमही तेच, म्हणून शंका आली नाही. अर्जाची मुदत मात्र नऊ दिवस अलीकडे आली होती. त्यांनी अर्ज वेळेत भरला तो त्यांच्या स्वतःच्या सावधपणामुळे, आमच्या पानामुळे नाही. तेव्हापासून पानाच्या अगदी वर तीन गोष्टी लिहितो: पुस्तिकेचे शैक्षणिक वर्ष, ती कोणत्या दिवशी उतरवून घेतली तो दिवस, आणि नंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का. शुद्धिपत्रक बहुधा मूळ पुस्तिकेला जोडलेले नसते, सूचनांच्या यादीत वेगळे पडलेले असते. शुल्क आणि तारखा यांतल्या दुरुस्त्या तिथेच असतात.

आणखी एक नियम आम्ही मोडत नाही. पानावरच्या प्रत्येक आकड्यापुढे पुस्तिकेतला पृष्ठ क्रमांक असतो. ज्या आकड्याला पृष्ठ क्रमांक देता येत नाही, तो आमचा अंदाज असतो, आणि अंदाजाला या पानावर जागा नाही.

शुल्क: तक्त्यातला आकडा आणि खरा आकडा

शुल्काचा तक्ता पाहून तुलना करण्याची चूक सगळ्यात जास्त होते. तक्त्यात असते ते शिक्षण शुल्क. प्रवेश शुल्क नियमांच्या प्रकरणात असते, परीक्षा शुल्क परीक्षांच्या, अनामत ग्रंथालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या. वाढीची अट तर तक्त्याखालच्या बारीक तळटिपेत असते. म्हणून आम्ही तक्ता शेवटी उघडतो. आधी संपूर्ण पुस्तिकेत 'शुल्क', 'अनामत', 'निधी', 'दंड' आणि 'नियमानुसार' हे शब्द शोधतो. 'नियमानुसार' हा शब्द जिथे येतो तिथे आकडा दिलेला नसतो, म्हणजे तो विचारून घ्यायचा असतो.

एक उदाहरण घेऊ. दोन महाविद्यालये, अ आणि ब, दोन्हीकडे चार वर्षांचा अभ्यासक्रम. तुलना सोपी व्हावी म्हणून अ चे पहिल्या वर्षाचे शिक्षण शुल्क १०० धरू. ब च्या तक्त्यात १२० आहे. तक्ते शेजारी ठेवले की अ स्वस्त दिसते आणि बहुतेक घरांत चर्चा तिथेच थांबते.

आता उरलेली पाने वाचू. अ मध्ये प्रवेशाच्या वेळी एकदाच भरायचे १२ आहेत. परीक्षा शुल्क दर सत्राला ४. चार वर्षांत आठ सत्रे, म्हणजे ३२. (इथे 'प्रति सत्र' आणि 'प्रति वर्ष' यांतला फरक नीट वाचा, एका शब्दाने रक्कम दुप्पट होते.) शिवाय १० अनामत, जी शेवटी परत मिळते. तळटीप म्हणते की शिक्षण शुल्कात दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते. ब मध्ये परीक्षा शुल्क १२० मध्येच धरलेले आहे, प्रवेशाचे वेगळे शुल्क नाही, आणि प्रवेश घेताना ठरलेले शुल्क चारही वर्षे तेच राहील असे स्पष्ट लिहिले आहे.

ब ची बेरीज सरळ आहे: ४८०. अ ची बेरीज एका आकड्यात सांगणे खोटे ठरेल. वाढ अजिबात झाली नाही तर शिक्षण शुल्क ४०० होते. दरवर्षी पूर्ण १० टक्के वाढ झाली तर १००, ११०, १२१ आणि १३३ मिळून ४६४ होते. त्यात प्रवेशाचे १२ आणि परीक्षांचे ३२ मिळवले की अ चा खर्च ४४४ ते ५०८ च्या मध्ये कुठेतरी पडतो. अनामत खर्चात धरत नाही, पण ती पहिल्याच दिवशी हातात असावी लागते, म्हणून 'प्रवेशाच्या दिवशी लागणारी रक्कम' अशी वेगळी ओळ करतो. अ साठी ती १२२ आहे.

दोन्ही महाविद्यालये सारखी कधी पडतील, हेही आम्ही काढून देतो. अ ची वार्षिक वाढ सहा टक्क्यांच्या आसपास राहिली तर दोन्हींचा खर्च जवळपास एकच होतो. त्यामुळे 'अ स्वस्त की ब' हा प्रश्न उरत नाही. आधीच्या तीन तुकड्यांना अ ने प्रत्यक्षात किती वाढ लावली, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पुस्तिकेत नसते. तो प्रश्न पानाच्या शेवटी, संपर्काच्या भागात जातो.

वसतिगृह आणि शुल्कसवलत आम्ही या बेरजेत मिसळत नाही. सवलतीच्या ओळीत एवढेच पाहतो की ती एका वर्षापुरती आहे की पुढेही चालते, आणि चालू राहण्यासाठी किती गुण टिकवावे लागतात.

पात्रता: कशाची सरासरी?

'किमान ५० टक्के' एवढे वाचून पालक निश्चिंत होतात. पुढचे चार शब्द महत्त्वाचे असतात. एका विद्यार्थ्याचे गुण पाहा: दोन भाषांत ८२ आणि ७८, भौतिकशास्त्रात ४६, रसायनशास्त्रात ५२, गणितात ४९. पाच विषयांची सरासरी ६१.४ आहे. पण पुस्तिकेत 'तीन विज्ञान विषयांत मिळून ५० टक्के' असे असेल, तर त्या तिन्हींची बेरीज १४७, म्हणजे ४९ टक्के. हा मुलगा त्या जागेसाठी अपात्र आहे, आणि अर्ज शुल्क भरल्यावर, बहुधा कागदपत्रे तपासतानाच, त्याला ते कळेल. ४९.६ असते तरी त्याचे ५० होतील अशी आशा ठेवू नका. अपूर्णांक पूर्णांकात धरला जाईल असे पुस्तिकेत लिहिलेले नसेल, तर तो धरला जात नाही असेच समजा.

पात्रता म्हणजे अर्ज करता येणे. प्रवेश मिळणे गुणवत्ता यादीवर असते. म्हणून आम्ही दोन ओळी वेगळ्या ठेवतो: किमान अट, आणि पुस्तिकेत दिले असतील तर मागच्या यादीतले शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. दुसऱ्या ओळीपुढे 'मागचे वर्ष' हे शब्द ठळक लिहितो, कारण तो आकडा नियम नसतो.

तारखा: सगळ्या महाविद्यालयांच्या एकाच ओळीत

प्रत्येक महाविद्यालयाच्या तारखा वेगळ्या लिहिल्या तर त्यांतली अडचण दिसत नाही. आम्ही त्या एकाच ओळीत क्रमाने मांडतो. आपल्याच उदाहरणात अ ची जागा पक्की करण्यासाठी पैसे भरायची मुदत १० तारीख आहे. १२ तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर प्रवेश शुल्काचे १२ सोडून बाकी सगळे परत मिळते. त्यानंतर अर्धे शिक्षण शुल्क आणि अनामत तेवढी परत मिळते. ब ची यादी लागते १४ तारखेला.

म्हणजे अ ची जागा धरून ब ची वाट पाहायची तर १२ तारीख ओलांडावी लागते. मग ब मध्ये नाव लागले तर भरलेल्या १२२ पैकी ५० आणि १० असे ६० परत येतील आणि ६२ जातील. वाट पाहण्याची किंमत ६२. कोणत्याही एका पुस्तिकेत हा आकडा सापडणार नाही, तो दोन पुस्तिका शेजारी ठेवल्यावरच निघतो. एका आईने हा आकडा पाहून जागा धरूनच ठेवली, दुसऱ्या घराने सोडली. दोन्ही निर्णय विचार करून घेतलेले होते, आणि आमचे काम तेवढ्यासाठीच आहे.

प्रत्येक तारखेपुढे वेळही लिहा. मुदत रात्री बारापर्यंत आहे की कार्यालय बंद होईपर्यंत, आणि त्या दिवशी अर्ज पाठवायचा की पोचायला हवा, यात जागा गेलेली आम्ही पाहिली आहे. ऑनलाइन भरणा केला असेल तर पैसे खात्यातून गेल्याचा संदेश पुरेसा नसतो. महाविद्यालयाची पावती क्रमांकासह निघाली का, ते त्याच दिवशी बघा.

संपर्क: काय, कोणाला आणि कसे विचारायचे

पानाच्या शेवटी फोन नंबरांची यादी आम्ही देत नाही. शुल्काचा प्रश्न लेखा विभागाला, पात्रतेचा प्रवेश कक्षाला, वसतिगृहाचा अधीक्षकांना, अशी प्रश्न आणि खिडकी यांची जोडी देतो. आधी ईमेल पाठवावा, दोन कामकाजाचे दिवस थांबावे, मग फोन करून त्या ईमेलचा उल्लेख करावा. फोनवर उत्तर मिळाले तर लगेच 'आज आपण असे सांगितलेत, बरोबर ना?' असे लिहून पाठवावे. उत्तर आले नाही तरी तुमच्याकडे नोंद राहते.

ईमेल असा छोटा ठेवा: "नमस्कार. आपल्या यंदाच्या माहितीपुस्तिकेच्या शुल्कतक्त्याखालील तळटिपेत वार्षिक वाढ १० टक्क्यांपर्यंत असे दिले आहे. मागील तीन तुकड्यांना प्रत्येक वर्षी प्रत्यक्षात किती वाढ लागू झाली, ते कृपया कळवावे. तसेच १२ तारखेनंतर प्रवेश रद्द केल्यास परतावा किती दिवसांत मिळतो, तेही कळवावे." पृष्ठ क्रमांक टाकलात तर उत्तर देणाऱ्याला पुस्तिका चाळावी लागत नाही आणि टाळाटाळीला वाव राहत नाही.

शिकवणे कसे आहे, प्राध्यापक टिकतात का, मुलगी तिथे रमेल का, हे या पानावरून कळणार नाही. त्यासाठी तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलांशी बोला.

आमच्याकडे पाठवताना पूर्ण पुस्तिका पाठवा. नुसत्या शुल्काच्या पानाचा फोटो पाठवलात तर तळटीप आणि नियमांचे प्रकरण आमच्या हाती येत नाही. सोबत विद्यार्थ्याची विषयवार गुणपत्रिका, तुलनेतल्या बाकी महाविद्यालयांची नावे आणि प्रवेशाच्या दिवशी तुम्ही जास्तीत जास्त किती रक्कम उभी करू शकता हा आकडा द्या. पान हातात आले की त्यावरचे कोणतेही पाच आकडे निवडा आणि पुस्तिकेत त्या पृष्ठावर जाऊन स्वतः पडताळा. एकही चुकला तर पान परत पाठवा, आम्ही ते पहिल्यापासून पुन्हा करू.