एकाच भेटीत फ्लूची लस आणि इतर लसी

फ्लूची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, सुईतून दिली जाणारी लस त्या वयात द्यायच्या जवळजवळ सर्व लसींबरोबर एकाच भेटीत देता येते. वेगळी सिरिंज आणि वेगळी जागा एवढेच पथ्य पाळावे लागते. एकाच दिवशी देणे जमले नाही, तर दोन लसींमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे याचेही बंधन नाही. ती आधी, नंतर, दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने दिली तरी चालते. तरीही ‘दोन लसींमध्ये चार आठवडे हवेत ना?’ हा प्रश्न लसीकरणाच्या टेबलापाशी सतत ऐकू येतो. चार आठवड्यांचा नियम खरा आहे, पण तो दोन वेगळ्याच प्रसंगांसाठी आहे. या विषयातला बहुतेक गोंधळ तो नियम भलत्या ठिकाणी लावल्याने होतो.

पहिला प्रसंग जिवंत लसींचा. गोवर, गालगुंड व रुबेलाची एकत्र लस (एमएमआर) आणि कांजिण्यांची लस यांत क्षीण केलेला पण जिवंत विषाणू असतो. तो शरीरात थोडाफार वाढतो आणि त्या वाढीतूनच प्रतिकारशक्ती तयार होते. अशी एक लस दिली की शरीर इंटरफेरॉनसारखे विषाणूविरोधी पदार्थ तयार करू लागते. काही दिवसांनी दुसरी जिवंत लस टोचली, तर हा बंदोबस्त तिच्या विषाणूला वाढूच देत नाही आणि लस ‘लागत’ नाही. दोन्ही एकाच दिवशी दिल्या, तर बंदोबस्त उभा राहण्याआधीच दोन्ही विषाणू कामाला लागलेले असतात. म्हणून दोन जिवंत लसी एक तर त्याच दिवशी द्यायच्या, नाही तर किमान 28 दिवस थांबायचे. हा धोका केवळ कागदावरचा नाही. एमएमआरनंतर 30 दिवसांच्या आत कांजिण्यांची लस मिळालेल्या मुलांना, लस घेऊनही कांजिण्या होण्याची शक्यता सुमारे अडीच पट असल्याचे अमेरिकेतील एका पाहणीत दिसले. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस जिवंत असल्या तरी तोंडावाटे दिल्या जातात. त्यांना हे अंतर लागू नाही.

फ्लूच्या सुईत जिवंत विषाणू नसतोच. त्यात विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने असतात. नेहमीच्या मात्रेत मुख्य प्रथिनाचे प्रत्येक प्रकारामागे 15 मायक्रोग्रॅम. वाढायचेच काही नसल्यामुळे इंटरफेरॉनने अडवण्यासारखेही काही नसते आणि 28 दिवसांच्या नियमाला आधारच उरत नाही. अपवाद आहे तो नाकात फवारल्या जाणाऱ्या फ्लूच्या लसीचा. तिच्यात क्षीण केलेला जिवंत विषाणू असतो, म्हणून ती एमएमआर किंवा कांजिण्यांच्या लसीबरोबर त्याच दिवशी द्यावी, नाही तर 28 दिवस थांबावे. ‘फ्लूची लस’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. त्यामुळे अंतराची चौकशी करण्याआधी ‘सुई की फवारा?’ हे विचारलेले बरे.

चार आठवड्यांचा दुसरा प्रसंग फ्लूच्याच लसीचा आहे, आणि खरी फसगत इथेच होते. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस द्यायची असेल, तर दोन डोस लागतात आणि त्यांच्यात किमान चार आठवडे जावे लागतात. पहिला डोस फक्त ओळख करून देतो, पुरेशी प्रतिपिंडे दुसऱ्यानंतर येतात. कार्डावर ‘4 आठवड्यांनी’ असे लिहिलेले असते ते या दुसऱ्या डोसबद्दल. पालक मात्र त्याचा अर्थ ‘फ्लूच्या लसीनंतर चार आठवडे दुसरी कुठलीच लस नको’ असा घेतात आणि मधली ठरलेली लस चुकवतात.

एक उदाहरण तारखांनिशी पाहू. पंधरा महिन्यांचे मूल 3 जूनला आले. त्याला एमएमआरचा दुसरा डोस, कांजिण्यांचा पहिला डोस आणि न्यूमोकोकल लसीचा बूस्टर द्यायचा आहे. फ्लूची लस त्याने कधीच घेतलेली नाही. चारही लसी त्याच दिवशी देता येतात: फ्लूची डाव्या मांडीच्या स्नायूत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत, एमएमआर डाव्या दंडावर आणि कांजिण्यांची उजव्या दंडावर कातडीखाली. एकाच मांडीत दोन सुया द्यायची वेळ आली, तर त्यांच्यात निदान अडीच सेंटीमीटर अंतर ठेवतात. कुठली लस कुठे दिली हे कार्डावर तिथल्या तिथे लिहायचे. दुसऱ्या दिवशी उजवी मांडी लाल होऊन सुजली, तर कुणाचे नाव घ्यायचे हे त्या नोंदीवरूनच कळते. फ्लूचा दुसरा डोस 1 जुलैपासून पुढे कधीही देता येईल, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे 15 जुलैच्या सुमारास, मूल सुरक्षित होईल.

आता याच मुलाच्या आईने ‘एकदम चार नकोत, फ्लूची पुढच्या महिन्यात’ असे म्हटले तर? पहिला डोस 1 जुलैला, दुसरा 29 जुलैला आणि संरक्षण 12 ऑगस्टच्या आसपास. साथ ऐन जुलैत आली तर मूल तिच्या तोंडी सापडते. पुढे ढकललेली लस नंतर घेतलीच जाते असेही नाही. सर्दी होते, गावाला जाणे निघते आणि महिना उलटून जातो. या उलट, एमएमआर आज आणि कांजिण्यांची आठवड्याने अशी फोड केली, तर मामला नुसता उशिराचा राहत नाही. ती कांजिण्यांची लस ग्राह्य धरत नाहीत आणि 28 दिवसांनी पुन्हा द्यावी लागते.

‘एकदम चार’ या भीतीला अगदीच आधार नाही, असे मात्र म्हणू नये. अमेरिकेत 2010-11 च्या हंगामात असे आढळले की सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना फ्लूची सुई आणि न्यूमोकोकल लस एकाच दिवशी दिली असता तापात आकडी येण्याचे प्रमाण किंचित वाढते. फ्लूच्या सुईबरोबर घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस दिली तरीही तसेच दिसले. एका दिवशी लस दिलेल्या 1 लाख मुलांमागे जास्तीत जास्त 30 आकड्या, असा तो अंदाज आहे. तुलनेसाठी, पाच वर्षांच्या आतल्या शंभरातील दोन ते पाच मुलांना कुठल्या ना कुठल्या तापात एकदा तरी आकडी येतेच. तापातली आकडी पाहणाऱ्याचा थरकाप उडवते, पण सहसा काही मिनिटांत थांबते आणि मागे इजा ठेवत नाही. हे सारे लक्षात घेऊन तिथल्या सल्लागारांनी एकाच भेटीत लसी देण्याची शिफारस कायम ठेवली. मुलाला आधी तापात आकडी आलेली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. अशा मुलाबाबत दोन लसी वेगळ्या दिवशी द्यायच्या की नाही हे विचारपूर्वक ठरवता येते, आणि फ्लूची सुई जिवंत नसल्याने त्या वेगळ्या करणे सोपेही असते.

ताप कुठल्या लसीचा हे बहुतेक वेळा दिवस मोजून कळते. फ्लूची सुई, न्यूमोकोकल, डांग्या खोकल्याची लस यांचा ताप पहिल्या दोन दिवसांत येऊन जातो. गोवराच्या विषाणूला वाढायला वेळ लागतो, म्हणून एमएमआरचा ताप सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठते. दहाव्या दिवशी अंग तापले की घरचे फ्लूच्या लसीवर खापर फोडतात. त्या दिवसाचा तिच्याशी काही संबंध नसतो.

मोठ्यांचा गोंधळ बराचसा कोविडच्या काळातला आहे. कोविडची लसीकरण मोहीम सुरू झाली तेव्हा तिच्या आधी व नंतर 14 दिवस दुसरी लस घेऊ नये, अशी सूचना अमेरिकेसह काही देशांत होती. एकत्र देणे अपायकारक आहे असे कुणाला आढळले म्हणून ती दिलेली नव्हती. लस नवी होती आणि काही झालेच तर कशामुळे झाले ते ओळखता यावे, एवढाच हेतू होता. अमेरिकेने मे 2021 मध्ये ती मागे घेतली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 679 प्रौढांवर चाचणी झाली. कोविडचा दुसरा डोस आणि फ्लूची लस एकाच दिवशी दोन दंडांत दिली असता त्रास बहुतेकांना सौम्य-मध्यम स्वरूपाचाच झाला आणि प्रतिकारशक्तीही दोन्ही लसींची टिकून राहिली. सूचना गेली, पण चौदा दिवस लोकांच्या डोक्यात बसले ते बसलेच. एकाच दिवशी दोन्ही घेतल्याने अंगदुखी आणि थकवा थोडा जास्त जाणवू शकतो, हे मात्र खरे. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे काम असेल, तर एक लस पुढे ढकलायला हरकत नाही. ती सोय पाहणे झाले, वैद्यकीय नियम नव्हे.

नावांमुळे होणारी चूक वेगळीच. बाळाच्या पेंटाव्हॅलेंट लसीत ‘हिब’ हा घटक असतो आणि कार्डावर त्याचे पूर्ण नाव ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी’ असे असते. ते वाचून फ्लूची लस झाली असे समजणारे पालक कमी नाहीत. हिब हा जीवाणू आहे, मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्लूच्या साथीत, 1892 च्या सुमारास, जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना तो रुग्णांच्या कफात सापडला आणि फ्लू यानेच होतो असे मानले गेले. खरा विषाणू माणसात 1933 मध्ये हाती लागला, तोवर चुकीचे नाव पक्के झाले होते. तेव्हा पेंटाव्हॅलेंटचे तिन्ही डोस झालेल्या बाळालाही फ्लूची लस वेगळी लागतेच. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हीच गल्लत ‘न्यूमोनियाची लस’ आणि ‘फ्लूची लस’ यांत होते. दोन्ही एकाच भेटीत घेता येतात, पण फ्लूची दर वर्षी घ्यायची असते, न्यूमोकोकल तशी नसते.

गरोदरपणात फ्लूची सुई कुठल्याही महिन्यात चालते, फवारा नाही. डांग्या खोकल्याची लस अनेक देशांत 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान देतात. त्या भेटीपर्यंत फ्लूची राहिली असेल, तर दोन्ही त्याच दिवशी, एकेका दंडात, देता येतात. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस किंवा जखमेनंतर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायची वेळ आली, तर फ्लूची लस कालच घेतली होती का, हा प्रश्न मनातही आणू नये. ती कालच घेतलेली असली तरी रेबीजची आजच घ्यायची.