फळ्यावरची ड्युटी लिस्ट फोनच्या कॅलेंडरमध्ये कशी आली

रुग्णालयाच्या वॉर्डातली ड्युटी लिस्ट म्हणजे एक मोठा तक्ता. डावीकडे सिस्टरांची नावं, वर महिन्याच्या तारखा आणि चौकटीत एकेक अक्षर: मॉर्निंगचा एम, इव्हिनिंगचा ई, नाइटचा एन, नाहीतर ऑफ. पूर्वी तो पेन्सिलीनं भरला जायचा, कारण खोडावं लागणार हे भरणाऱ्या इन्चार्ज सिस्टरांना आधीच माहीत असायचं. मग तक्ता एक्सेलमध्ये गेला. तिथून त्याची प्रिंट बोर्डावर लागली आणि बोर्डावरून त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडला. आता रात्री अंथरुणावर पडून तो फोटो मोठा करायचा, आपली ओळ पकडायची आणि बोट सरकवत उद्याची तारीख गाठायची. बोट एका ओळीनं घसरलं की शेजारणीची ड्युटी आपली समजून माणूस वॉर्डात हजर!

हाच तक्ता फोनच्या कॅलेंडरला कळेल अशा `.ics` फाइलमध्ये उतरवला की प्रत्येकीला फक्त आपल्या ड्युट्या दिसतात. कल्पना साधी आहे, पण करायला बसलं की ठिकठिकाणी अडतं. ही फाइल ड्युटीसाठी जन्मलीच नाही, मीटिंगसाठी जन्मली, हे त्यामागचं कारण.

1990 च्या दशकात अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांचा व्हर्सिट नावाचा एक गट होता. एका यंत्रातला पत्ता किंवा भेटीची वेळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात जावी, एवढीच त्यांची गरज होती. पत्त्यासाठी त्यांनी व्हीकार्ड काढलं आणि सप्टेंबर 1996 मध्ये वेळांसाठी व्हीकॅलेंडरची 1.0 आवृत्ती. नोव्हेंबर 1998 मध्ये त्यावरून इंटरनेटचं अधिकृत मानक तयार झालं, आरएफसी 2445. ते लिहिणारे फ्रँक डॉसन लोटसचे आणि डेरिक स्टेनरसन मायक्रोसॉफ्टचे. म्हणजे ज्या दोन कंपन्यांची कार्यालयीन कॅलेंडरं बाजारात समोरासमोर होती, त्यांचीच माणसं एका टेबलाशी बसली. आजही प्रत्येक `.ics` फाइलच्या सुरुवातीला `VERSION:2.0` असतं, ते व्हीकॅलेंडरच्या 1.0 नंतरचं म्हणून. 2009 मध्ये आरएफसी 5545 आलं. सध्याची कॅलेंडरं त्याला धरून चालतात.

लोटस आणि आउटलुकच्या जगात कॅलेंडरमधली नोंद म्हणजे आमंत्रण. एक जण बोलावतो, बाकीचे हो, नाही किंवा ‘बघतो’ म्हणतात. त्यासाठी मानकात भरपूर सोय आहे. ड्युटीचं मात्र तसं नसतं. नाइटला ‘बघते’ असं उत्तर कोणी दिलं तर इन्चार्ज सिस्टर काय म्हणतील ते सांगायला नको. ड्युटी लिस्टमध्ये एक जण लिहितो, बाकीचे वाचतात आणि लिहिणारा महिनाभर बदलत राहतो.

असं ‘एकानं लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं’ कॅलेंडर लोकांच्या सवयीत रुळवलं अ‍ॅपलच्या आयकॅलनं. 2002 मध्ये आलेल्या या प्रोग्रॅममध्ये एखाद्या पत्त्यावर ठेवलेलं कॅलेंडर ‘सबस्क्राइब’ करता येत असे. `webcal://` ने सुरू होणारा दुवा दाबला की प्रोग्रॅम ती फाइल ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा आणून बघायचा. लोकांनी त्यावर सामन्यांची वेळापत्रकं आणि सुट्ट्यांच्या याद्या टाकल्या. 2006 मध्ये गूगल कॅलेंडर आलं आणि 2009 पासून आयफोनही अशी कॅलेंडरं थेट वाचू लागला. ड्युटी लिस्टला हवा होता तो रस्ता हाच. पण आजही पुष्कळ ठिकाणी फाइल बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि ‘इम्पोर्ट करा’ म्हणतात, म्हणजे त्यातल्या नोंदी एकदाच फोनमध्ये उतरवून घ्यायच्या. माझ्या मते घोळाचं मूळ तिथेच आहे.

एक ड्युटी घेऊन बघू. 14 क्रमांकाच्या सिस्टरना 12 जून 2025 ला नाइट आहे, रात्री 8 ते सकाळी 8. तक्त्यात 12 तारखेच्या चौकटीत फक्त ‘एन’ आहे. फाइलमध्ये ते असं उतरतं:

```
BEGIN:VCALENDAR
VERSION:2.0
PRODID:-//ward7//duty//MR
BEGIN:VEVENT
UID:sister14-20250612@duty.example
DTSTAMP:20250601T043000Z
SEQUENCE:0
DTSTART:20250612T143000Z
DTEND:20250613T023000Z
SUMMARY:नाइट - वॉर्ड ७
END:VEVENT
END:VCALENDAR
```

वेळेच्या शेवटचा `Z` सांगतो की ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, म्हणून रात्रीचे 8 झाले 14:30 आणि सकाळचे 8 झाले 02:30. `Z` राहून गेला तर फोन 14:30 म्हणजे दुपारचे अडीच समजतो. सगळ्याच ड्युट्या नेमक्या साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसल्या की दुसरीकडे शोधू नये, दोष इथेच सापडतो.

मध्यरात्र ओलांडण्याचा प्रश्न कॅलेंडरपेक्षा जुना आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 57 व्या कलमात तो सोडवलेला होता: पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसाच्या खात्यात धरायचे आणि त्या कामगाराचा पुढचा ‘दिवस’ पाळी संपल्यापासून 24 तासांचा. तक्ता हेच पाळतो. नाइट ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेची. एक्सेलमधून फाइल काढताना मात्र सुरुवात आणि शेवट दोन्हींना चौकटीवरचीच तारीख चिकटवली जाते, मग ड्युटी सुरू होण्याआधी बारा तास संपते. अशी नोंद काही अ‍ॅप टाकून देतात, काही शून्य मिनिटांची दाखवतात. महिन्यातल्या मॉर्निंग, इव्हिनिंग सगळ्या आल्या आणि नाइट तेवढ्या गायब, हे त्याचं लक्षण. शेवटची वेळ सुरुवातीपेक्षा लहान असेल तर तारखेत एक मिळवायचा, एवढ्यानं काम होतं.

भारतात घड्याळ वर्षभर एकाच चालीनं चालतं, त्यामुळे आपण इथवर सुटतो. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांना आणि सिस्टरांना आणखी एक फेरा आहे. तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास मागे येतं. 25 ऑक्टोबर 2025 च्या रात्री 8 ते सकाळी 8 ही नाइट त्यामुळे तेरा तासांची झाली. ‘सुरुवात अधिक बारा तास’ असा हिशोब लावणाऱ्या फाइलनं ती सकाळी 7 लाच संपवली असती. तिथे शेवटची वेळ घड्याळातली धरायची आणि मग बदलायची.

आता त्या `UID` कडे येऊ. ही त्या नोंदीची ओळख. कॅलेंडर तिच्यावरूनच ठरवतं की ही नवी ड्युटी आहे की जुनीच बदललेली. पुष्कळ जण इथे ओळीचा क्रमांक टाकतात. मग मध्येच एक नवीन सिस्टर रुजू झाल्या, तक्त्यात एक ओळ घुसली की खालच्या सगळ्यांच्या ओळखी एकमेकींत बदलतात. काही जण दर वेळी नवा यादृच्छिक आकडा टाकतात. ती फाइल दुसऱ्यांदा इम्पोर्ट केली की प्रत्येक ड्युटी दोनदा. आणखी एक फसवा मार्ग म्हणजे ओळखीत ड्युटीचा प्रकार घालणं. 12 तारखेची नाइट बदलून मॉर्निंग झाली की ओळखही बदलते, आणि इम्पोर्ट केलेल्या फोनवर मॉर्निंग येते पण नाइट जात नाही. म्हणून वरच्या नमुन्यात ओळख फक्त व्यक्ती आणि तारीख यांची आहे. ड्युटी बदलली तर ओळख तीच ठेवायची, वेळ बदलायची, बदलांची मोजणी करणारा `SEQUENCE` एकानं वाढवायचा आणि नोंद तयार केल्याची वेळ सांगणारा `DTSTAMP` नवा टाकायचा.

नाइट रद्द होऊन ऑफ मिळाला तर? तक्त्यात ‘एन’ खोडून ‘ऑफ’ लिहिलं आणि नव्या फाइलमध्ये ती नोंद आलीच नाही. सबस्क्राइब केलेल्या कॅलेंडरमध्ये ती आपोआप जाते, कारण फोन पूर्ण फाइल पुन्हा वाचतो आणि त्यात जे नाही ते काढून टाकतो. इम्पोर्टमध्ये फाइलमधली गैरहजेरी काहीच सांगत नाही. एकदा आत गेलेली नोंद हातानं पुसेपर्यंत तिथेच बसते. एका वॉर्डात जून महिन्यात तीनदा फाइल फिरवली होती, आणि एका सिस्टरांच्या फोनवर एकाच दिवशी नाइट, मॉर्निंग आणि ऑफ तिन्ही गुण्यागोविंदानं नांदत होते. त्या पुन्हा बोर्डाकडे वळल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक छोटा खड्डा लागतो. मानकानुसार फाइलची एक ओळ 75 बाइटांपेक्षा लांब नसावी. तशी झाली तर ती मोडून पुढची ओळ एका मोकळ्या जागेनं सुरू करायची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. ‘वॉर्ड’ हा शब्द डोळ्याला एवढासा दिसतो, पण व, ऑची मात्रा, र, हलंत आणि ड मिळून 15 बाइट खातो. असे पाच ‘वॉर्ड’ लिहिले की ओळ भरली. प्रोग्रॅमनं डोळे झाकून 75 व्या बाइटावर कात्री चालवली तर ती अक्षराच्या पोटातून जाऊ शकते, आणि फोनवर त्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो. शीर्षक छोटं ठेवावं, नाहीतर ओळ अक्षराच्या कडेला मोडावी.

सबस्क्रिप्शनचंही एक दुखणं आहे: फोन फाइल केव्हा बघेल ते फाइल ठरवत नाही. 2016 च्या आरएफसी 7986 ने `REFRESH-INTERVAL` दिलं, त्यात ‘दर तासाला बघा’ असं सांगता येतं. पण ती विनंती आहे, अ‍ॅपवर बंधन नाही. गूगल कॅलेंडर दुव्यावरचे बदल दाखवायला 12 तासांपर्यंत घेऊ शकतं, असं गूगलच सांगतं. शिवाय असा दुवा गूगलच्या मोबाइल अ‍ॅपमधून जोडता येत नाही, एकदा ब्राउझरमधून गूगल कॅलेंडर उघडून तिथे तो टाकावा लागतो. आयफोनवर `webcal://` दाबलं की लगेच विचारणा येते. दुवाही प्रत्येकीला वेगळा आणि ओळखता न येणारा द्यावा. त्याला पासवर्ड नसतो, ज्याच्या हाती दुवा पडला त्याला ती केव्हा रात्री घराबाहेर असते ते सगळं वाचता येतं.

पुढच्या आठवड्यातली अदलाबदल कॅलेंडरवर सोडता येते. संध्याकाळी सहाला कुणी आजारी पडलं आणि आठची नाइट दुसरीला दिली, तर इन्चार्ज सिस्टर फोन लावतात, आणि कॅलेंडरमध्ये ती ड्युटी पुष्कळदा संपल्यावर उगवते.