कोऱ्या कागदाशी जुळवलेला मॉनिटर

सांगलीत विश्रामबागेला माझ्या मामेभावाचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या लग्नसराईत त्याची एकच तक्रार होती: मॉनिटरवर छान दिसणारे फोटो छापून आले की काळवंडलेले असतात. प्रिंटर ठीक होता. मॉनिटरचा ब्राइटनेस मात्र १०० वर होता. झगमगत्या स्क्रीनवर प्रत्येक फोटो जरा जास्तच उजळ वाटायचा, म्हणून तो गडद करायचा. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे छपाईत तो गडदपणा उघडा पडायचा.

उजेड नेमका किती, हे डोळ्याला सांगता येत नाही. पण शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींतला फरक तो पटकन पकडतो. आम्ही त्याचाच उपयोग केला. मॉनिटर अर्धा तास तापू दिला, स्क्रीन पिवळसर करणारं नाइट लाइटचं सेटिंग बंद केलं, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडलं आणि शेजारी तसाच कोरा कागद धरला. स्क्रीन दिव्यासारखी न दिसता कागदासारखी दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवला. त्याचा आकडा ३५ वर थांबला. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या मॉनिटरवर तो वेगळा येईल.

मग कॉन्ट्रास्ट. पेंटमध्ये ० म्हणजे शुद्ध काळा आणि २५५ म्हणजे शुद्ध पांढरा. त्या शुद्ध पांढऱ्यावर दोन चौकोन काढले, २५० आणि २४५ चे. कॉन्ट्रास्ट ८० वर असताना दोन्ही गायब होते, म्हणजे आजोबांच्या पांढऱ्या टोपीच्या घड्याही स्क्रीनवर दिसत नसणार. ५० वर दोन्ही परतले. काळ्यावर १० आणि २० चे चौकोनही असेच तपासले. ते बुडाले, तर आधी खिडकीचा पडदा ओढून काचेवरची चमक घालवावी. बहुतेक मॉनिटरांत ब्राइटनेस फक्त मागचा दिवा कमी-जास्त करतो, त्यामुळे पडदा ओढूनही चौकोन दिसले नाहीत, तर मेनूतल्या गॅमा किंवा ब्लॅक लेव्हलकडे वळावं, गडद छटा त्यांनी उजळतात.

खरी अवघड गोष्ट कलर टेम्परेचर, म्हणजे पांढरा रंग किती निळसर किंवा पिवळसर दिसतो ते, कारण इथे डोळाच फसवतो. निळसर स्क्रीनकडे एक-दोन मिनिटं पाहिलं, की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जुळवून घेतात आणि तोच रंग पांढरा वाटू लागतो. भावाची स्क्रीन निळसर होती. हळदीच्या फोटोतले चेहरे त्याला फिके वाटायचे, तो पिवळा वाढवायचा आणि छापून नवरी नारिंगी व्हायची. आम्ही मेनूत ६५०० केल्विन निवडलं. आकडा वाढेल तसा रंग निळ्याकडे झुकतो. खोलीतली ट्यूबही ६५०० चीच होती, खोक्यावर तसं छापलेलं असतं. पिवळ्या बल्बखाली कागदच पिवळा दिसतो, मग चांगली स्क्रीनही निळी वाटते. दोन मिनिटं खिडकीबाहेर पाहायचं, मग एकदम स्क्रीन आणि कागद यांकडे वळायचं. पहिल्या क्षणी जे दिसतं तेच धरायचं.

असं जुळवलेलं रंगाचं मोजमाप यंत्राइतकं काटेकोर नसतं, आणि दोन मॉनिटर डोळ्याने हुबेहूब एकसारखे करणं जवळपास अशक्य आहे. स्वस्त पॅनेलवर तर मान थोडी खाली-वर झाली तरी छटा बदलते, म्हणून डोळे समोरासमोरच ठेवावेत. भावाने त्या रात्री तीन फोटो पुन्हा छापायला पाठवले. आल्यावर स्क्रीनशेजारी धरून पाहिले. नवरी ठीक होती, पण मांडवाचा कोपरा अजून थोडा काळा होता. त्याने ब्राइटनेस ३० वर आणला.