लाच मागितल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे कशी लिहावी

अशा तक्रारी बहुधा खोट्या म्हणून नव्हे, तर पोकळ म्हणून अडतात. "कार्यालयात पैशाशिवाय काम होत नाही" हे वाक्य खरे असले तरी त्यावर सापळा रचता येत नाही. विभागाला कोणी, कोणत्या कामासाठी, कधी, कुठे आणि किती मागितले, एवढेच हवे असते.

समजा, सिंधुदुर्गातील एका वाडीवर वडिलांच्या नावे असलेल्या कलमांच्या बागेला वारसनोंद करायची आहे आणि तलाठी पैसे मागतो. अर्जात असे लिहावे: "मी 4 मार्च रोजी वारसनोंदीचा अर्ज दिला, त्याची पोच सोबत आहे. 18 मार्च रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी सजा कार्यालयात गेलो असता तलाठ्यांनी 'धा हजार दी, मगे नोंद घालतंय' असे म्हटले. मला ही लाच द्यायची नाही." मागणीचे शब्द बोलीतले असतील तर बोलीतच ठेवावेत, त्यांना शुद्ध मराठीचा इस्त्री केलेला सदरा घालू नये, कारण पुढे तेच शब्द ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिले जातात. तलाठी उर्मट आहे, त्याचा बंगला मोठा आहे, हे सगळे वगळावे. अर्जाची पोच मात्र अनेकांकडे नसतेच, कारण कार्यालयात ती मागायचा संकोच वाटतो; ती नसेल तर काम त्याच अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे हे दाखवणारा दुसरा कागद शोधावा.

मुदतीबाबत मोठा गैरसमज आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 मध्ये 2018 साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरतो. मात्र नाइलाजाने द्यावी लागली असेल आणि दिल्यापासून 7 दिवसांत कळवले, तर त्याला संरक्षण मिळते. हे 7 दिवस पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजायचे, मागणीच्या नव्हे. पैसे दिलेलेच नसतील तर ही मुदत लागू होत नाही, पण रेंगाळण्यात शहाणपण नाही, कारण काम उरकले की सापळ्याला जागाच उरत नाही.

अर्ज विभागाच्या जिल्ह्यातील कार्यालयात द्यावा. सुरुवात 1064 या टोल फ्री क्रमांकावरूनही करता येते. त्यानंतर पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते आणि ती ध्वनिमुद्रित केली जाते. अर्जात दहा हजार लिहून पडताळणीच्या वेळी तडजोडीत सात हजार ठरले, तर घाबरून जुना अर्ज बदलू नये. दोन्ही रकमा आपापल्या तारखेसह नोंदल्या जातात. सापळ्याची रक्कम साधारणपणे तक्रारदारानेच आणायची असते, याची तयारी ठेवावी. आणि यादरम्यान वाडीत, चहाच्या टपरीवर, कोणाजवळही त्याचा उच्चार करू नये. कोकणातल्या गावात बातमी तक्रारदाराच्या आधी कार्यालयात पोहोचते.